क्रांतिक कोन ऐंशीच्या पुढे का? ऑप्टिकल फायबर आणि साइन इन्व्हर्स

आज एकच फायबर घेऊया आणि त्याचाच हिशोब शेवटपर्यंत करूया. साधा स्टेप इंडेक्स मल्टिमोड फायबर, मधला कोअर ५० मायक्रॉन जाडीचा, त्याचा अपवर्तनांक १.४८, आणि त्याच्याभोवती क्लॅडिंग, अपवर्तनांक १.४६. दोन्ही काचच आहे. फरक किती, तर ०.०२. पहिल्यांदा हा आकडा बघितला की वाटतं की एवढ्याशा फरकाने प्रकाश अडणार तरी कसा. अडतो, आणि गंमत म्हणजे हा फरक मुद्दाम इतका कमी ठेवलेला असतो, तो का हे साइन इन्व्हर्समधूनच कळतं.

आधी कोन कुठून मोजायचा ते पक्कं करा, कारण निम्मे लोक इथेच घसरतात. कोन भिंतीपासून नाही, स्तंभिकेपासून मोजायचा. म्हणजे फायबरच्या अक्षाला जवळपास समांतर जाणारा किरण भिंतीवर ८८, ८९ अंशांनी पडतो, आणि तिरका येणारा किरण कमी अंशांनी. मोठा कोन म्हणजे चांगला किरण, एवढं डोक्यात ठेवा.

आता स्नेलचा नियम, `n1 sin i = n2 sin r`, इथे n1 कोअरचा अपवर्तनांक, n2 क्लॅडिंगचा, i म्हणजे किरण भिंतीवर पडतो तो कोन आणि r म्हणजे पलीकडे गेलेल्या किरणाचा कोन. कॅल्क्युलेटर काढा आणि कोअरमधून क्लॅडिंगकडे जाणारे किरण एकेक करून सोडून बघा. i ७५ अंश ठेवला तर sin r येतो ०.९७९२, साइन इन्व्हर्स घेतला की r साधारण ७८.३ अंश. म्हणजे किरण क्लॅडिंगमध्ये गेला, जरा वाकला, पण गेला. आता i ८० करा, r ८६.७. i ८०.५ करा, r थेट ८८.८. बघितलंत ना, आपण आत अर्धा अंश हललो आणि बाहेरचा किरण दोन अंशांपेक्षा जास्त लोळला, तो आता भिंतीला जवळजवळ चिकटून चाललाय. आता ८१ टाका. sin r येतो १.००१२, त्याचा साइन इन्व्हर्स मागितला की स्क्रीनवर `Math Error`.

हा एरर म्हणजे तुमचं चुकलं असं नाही, उलट कॅल्क्युलेटर खरं तेच सांगतोय. कुठल्याही कोनाचा साइन १ च्या वर जात नाही, त्यामुळे १.००१२ साइन असलेला कोन अस्तित्वातच नाही, म्हणजे अपवर्तित किरणाला जायला दिशाच नाही. मग ऊर्जा जाणार कुठे, सगळी परत कोअरमध्ये. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. आरसा कितीही चांगला असला तरी थोडा प्रकाश खातो, इथे मात्र भिंत गुळगुळीत आणि स्वच्छ असेल तर परत येताना काहीच कमी होत नाही, म्हणून हजारो वेळा आपटूनही प्रकाश टिकतो.

जाणं आणि न जाणं यांच्यातली नेमकी सीमा म्हणजे r बरोबर ९० अंश, sin r बरोबर १. त्या वेळचा i म्हणजेच क्रांतिक कोन, θc, आणि तिथून त्याचं सूत्र आपोआप पडतं:

```
θc = sin⁻¹(n2 / n1)
   = sin⁻¹(1.46 / 1.48)
   = sin⁻¹(0.98649)
   = 80.57°
```

इथे दोन साध्या गोष्टी पटकन सांगतो. उत्तर १.४०६ आलं तर मशीन रेडियनवर आहे, मोड बदला. आणि भागाकार उलटा केलात, १.४८ भागिले १.४६, तर परत एरर येईल, कारण विरल माध्यमातून घन माध्यमात जाताना क्रांतिक कोन नसतोच, प्रकाश क्लॅडिंगमधून कोअरमध्ये कुठल्याही कोनाने शिरू शकतो.

आता जिथे खरी मार्कं जातात, आणि मार्कं सोडा, डिझाइनच चुकतं, ती जागा. ०.९८६४९ ला दोन दशांशांपर्यंत गोल केलं तर ०.९९ होतं, म्हणजे चूक अर्ध्या टक्क्याहून कमी, कुणाला काय वाटणार. पण साइन इन्व्हर्स घेतला की ८१.८९ येतो, आणि कोनात सव्वा अंशापेक्षा जास्त फरक. कारण १ च्या जवळ साइनचा आलेख सपाट होतो, साइन बदलतच नाही फारसा, म्हणून उलट दिशेने बघितलं तर साइन इन्व्हर्सचा आलेख एकदम उभा चढतो. या ठिकाणी त्याचा चढ सहाच्या आसपास आहे, म्हणजे आत गेलेली चूक बाहेर सहापट होऊन येते, ९० च्या जवळ जाल तशी अजून वाढते.

तुम्ही म्हणाल सव्वा अंशाने काय बिघडतं. बिघडतं ते फायबरच्या तोंडाशी. अक्षापासून मोजलं तर हा कोन ९० वजा ८०.५७, म्हणजे ९.४३ अंश, एवढाच. आत किरण अक्षाशी जास्तीत जास्त ९.४३ अंशांनी तिरका असला तर चालतो. आणि इतक्या छोट्या कोनात सव्वा अंश म्हणजे खूप झाला. हवेतून आत येताना किरण वाकतो, म्हणून बाहेर तो कोन मोठा असतो, त्याला स्वीकार कोन म्हणतात. चुकीच्या ८१.८९ वरून गेलात तर तो निघतो १२ अंश, खरा आहे १४. अर्धा टक्का गोल करण्यात दोन अंश गेले.

म्हणून मी सांगतो, या कामासाठी क्रांतिक कोनाच्या वाटेने जाऊच नका. दोन्ही अपवर्तनांकांचे वर्ग करा, वजाबाकी करा, वर्गमूळ घ्या. २.१९०४ वजा २.१३१६, राहिले ०.०५८८, वर्गमूळ ०.२४२५. हेच न्यूमरिकल अपर्चर, डेटाशीटवर एनए म्हणून हाच आकडा छापलेला असतो. याचा साइन इन्व्हर्स १४.०३ अंश. साइन इन्व्हर्स इथेही आहेच, पण आता आपण ०.२४ वर उभे आहोत, तिथे आलेख शांत आहे, चूक फुगत नाही. तरी वजाबाकीच्या आधी गोल करू नका, २.१९ वजा २.१३ केलंत तर ०.०६ येतं, म्हणजे शेवटचे आकडे तिथेही महत्त्वाचे.

मागून एक प्रश्न आला की मग क्लॅडिंग हवंच कशाला, काचेची नुसती तार हवेत ठेवली तर? चांगला प्रश्न आहे, करून बघू. `sin⁻¹(1/1.48)` म्हणजे ४२.५ अंश. आणि एनए काढायला गेलात तर १.४८ चा वर्ग वजा १, वर्गमूळ १.०९, त्याचा साइन इन्व्हर्स परत एरर. या एररचा अर्थ मात्र वेगळा आहे, तोंडातून हवेतला कुठलाही किरण कसाही शिरू दे, तो आत अडकणारच. ऐकायला फार भारी वाटतं. पण दोन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे परावर्तन होताना प्रकाश भिंतीपलीकडे अगदी किंचित, साधारण तरंगलांबीच्या हिशोबाने, डोकावतोच. तिथे हवा आहे तोवर ठीक, पण बोटाचं तेल, धूळ किंवा शेजारची दुसरी काच लागली की तेवढ्या जागी प्रकाश बाहेर गळतो. १९५४ मध्ये नेदरलँड्सच्या व्हॅन हील यांनी तंतूंवर कमी अपवर्तनांकाचं आवरण देऊन हेच थांबवलं. आजही आपल्या ५० मायक्रॉनच्या कोअरभोवती क्लॅडिंग १२५ मायक्रॉन व्यासापर्यंत असतं, परावर्तनाची भिंत आतमध्ये सुरक्षित राहते, बाहेरून तिला काही शिवत नाही.

दुसरी अडचण वेळेची, आणि सुरुवातीच्या ०.०२ चं उत्तर इथे आहे. १.४८ च्या काचेत प्रकाश एक किलोमीटर जायला साधारण ४.९३ मायक्रोसेकंद घेतो, पण ते सरळ जाणाऱ्या किरणाचं. तिरका किरण नागमोडी जातो, जास्त अंतर कापतो, उशिरा पोचतो. नुसत्या काचेच्या तारेत हवेतून शिरलेला सगळ्यात तिरका किरण आत वाकून अक्षाशी ४२.५ अंशांचा, त्याचा रस्ता जवळपास ३६ टक्के लांब, म्हणजे तो पावणेदोन मायक्रोसेकंद मागे. आपल्या फायबरमध्ये सगळ्यात तिरका ९.४३ अंशांचा, रस्ता फक्त १.३७ टक्के लांब, उशीर ६८ नॅनोसेकंद. म्हणजे क्रांतिक कोन ९० च्या जवळ ठेवणं ही चाळणी आहे, जास्त तिरके किरण मुद्दाम क्लॅडिंगमध्ये गळू द्यायचे, कारण ते आले तर उशिरा पोचून पल्स पसरवतात. समजा दर १०० नॅनोसेकंदांनी एक पल्स पाठवताय. एक किलोमीटरवर पल्स ६८ ने पसरते, अजून वेगळी ओळखू येते. दोन किलोमीटरवर १३५ ने पसरते आणि पुढच्या पल्सवर चढते, रिसीव्हरला एक की शून्य ते कळत नाही. किंमत काय मोजली, तर तोंडाशी कमी प्रकाश आत आला, १४ अंशांचाच शंकू. मला हा सौदा चांगला वाटतो. अजून लांब जायचं असेल तर कोअरचा अपवर्तनांक मधून कडेला हळूहळू उतरवतात किंवा कोअर नऊएक मायक्रॉनचा करून सिंगल मोड वापरतात, आणि तिथे किरणांचं हे चित्र सोडून द्यावं लागतं, कारण कोअर तरंगलांबीच्या काही पटच उरतो, तिथे प्रकाशाला तरंग म्हणूनच बघावं लागतं.

आता शेवटचा भाग, वाकवणं. फायबर वळवला की सरळ चाललेला किरण वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर कमी कोनाने आदळतो. अक्षावरच्या किरणासाठी भूमिती केली तर वळणाची त्रिज्या कोअरच्या त्रिज्येच्या ७३ पट तरी हवी, २५ मायक्रॉन गुणिले ७३, म्हणजे १.८ मिलिमीटर. हा आकडा बघून खूश होऊ नका. हे सगळ्यात आरामात असलेल्या किरणाचं झालं. जो किरण आधीच ८०.६ अंशांवर कसाबसा टिकून आहे, त्याला ०.०३ अंशाचीसुद्धा सवड नाही, तो थोड्याशा वळणातही ८०.५७ च्या खाली जातो आणि गळतो. म्हणून काम करणारे लोक मिलिमीटरमध्ये नाही, काही सेंटिमीटरमध्ये त्रिज्या सांभाळतात.

हे डोळ्यांनी बघता येतं. फॉल्ट शोधायचं लाल लेझरचं पेन मिळतं, ६५० नॅनोमीटरचं, ते एका टोकाला लावा आणि पातळ जॅकेटच्या पॅचकॉर्डला बोटाभोवती हळूहळू आवळत जा. सैल वळणाला काहीच दिसत नाही, आवळलं की वळणावर जॅकेटमधूनच लाल उजेड फुटतो, आणि दुसऱ्या टोकाचा ठिपका त्याच वेळी मंद होतो. सोडलं की जॅकेटवरचा लाल उजेड गेला आणि ठिपका पूर्वीसारखा झाला तर नुसतं वळण होतं, सोडूनही एकाच जागी लाल दिसत राहिलं तर आत काच तुटली आहे. फक्त टोकाला डोळा लावून बघू नका, ना या लाल पेनवर ना चालू लाइनवर, चालू लाइनमध्ये ८५० नॅनोमीटरचा प्रकाश असतो, तो जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि तो तसाच आत जात राहतो.