लाइन गेली, पेपर अडकला

नमस्कार श्रोतेहो. घरी कॅमेऱ्यासमोर बसून द्यायच्या ऑनलाइन परीक्षा आता आपल्या खेड्यांतही पोचल्या आहेत. पेपर चालू असताना नेट गेलं, तर दुसरी वेळ कशी मागायची, ते आज बोलू.

समजा, आर्णी तालुक्यातली एक मुलगी. पेपर अकराचा. अकरा चाळीसला डीपीवरचा फ्यूज उडाला आणि लाइन गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण राउटर बंद. तिकडे निरीक्षकाला तिचा चेहरा दिसेनासा झाला.

अशा वेळी हात आधी मोबाइलकडे जातो, स्क्रीनचा फोटो काढायला. तो काढू नका. त्यात प्रश्न दिसला, तर पुराव्याऐवजी कॉपीचा ठपका बसायचा. आणि परीक्षेच्या खोलीत मोबाइल आला कसा, हेही विचारतील!

लाइन आल्यावर केलेली स्पीड टेस्टही उपयोगाची नाही. ती तर नेट चांगलं असल्याचं दाखवते. परीक्षा बंद पडली हे नक्की झालं, की खोलीबाहेर या आणि 1912 वर वीज गेल्याची तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांकाचा मेसेज आला, तर त्यावर वेळ असते. वीज असूनही नेट गेलं असेल, तर नेटवाल्यांकडून असाच क्रमांक घ्या. मग त्याच दिवशी परीक्षा घेणाऱ्यांच्या मदत कक्षाला ईमेल करा.

मजकूर एवढाच पुरे: "माझा नोंदणी क्रमांक अमुक. आज भारतीय वेळेनुसार 11 वाजून 40 मिनिटांनी वीज गेल्यानं संपर्क तुटला. तक्रार क्रमांक सोबत जोडला आहे. मला पुन्हा वेळ द्यावी." तुमचा संपर्क कधी तुटला याची नोंद त्यांच्याकडेही असते, म्हणून "साडेअकरा-बाराच्या सुमारास" असं मोघम लिहू नका. गावात नेहमीच असं होतं, हे तर मुळीच नको. मग ते म्हणतील, माहीत होतं तर तिथं बसलात कशाला?

आता पसंतीच्या वेळा. "कधीही चालेल" लिहिलं, की नेमकी भलतीच वेळ मिळते. तीन वेगवेगळ्या वेळा द्या, तारीख-वारासकट. त्याआधी लाइनमनला विचारा, दुरुस्तीसाठी लाइन कोणत्या वारी बंद ठेवतात. तो वार वगळा. यवतमाळला मावशीकडे स्वतंत्र खोली असेल तर उत्तम. नेट कॅफे बहुधा चालत नाही, कारण खोलीत दुसरं माणूस दिसायला नको. जिथं बसणार, तिथं त्याच वेळेला स्पीड टेस्ट करून बघा. त्यात अपलोडचा आकडा पाहा, कारण तुमचा व्हिडिओ इथून तिकडे जात असतो. डाउनलोड झकास आणि अपलोड मरतुकडं असेल, तर ती जागा सोडा.

विनंती किती तासांत करायची आणि फी पुन्हा लागते का, हे प्रत्येक परीक्षेचं वेगळं असतं. ते नियमांच्या पानावर पेपरच्या आधीच वाचून ठेवा. मदत कक्षाचा पत्ताही तिथूनच कागदावर उतरवून घ्या. नेट गेल्यावर तो कुठं शोधणार?