पाणी काळे दिसले म्हणजे टी-वन नव्हे

(रत्नागिरीत तालुक्यांतील डॉक्टरांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

डॉक्टर मित्रहो,

मागच्या पावसाळ्यात वेंगुर्ल्याकडच्या एका बाईंचा मुलगा माझ्याकडे मेंदूच्या एमआरआयच्या तीन फिल्म घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या फिल्म दोन वर्षे भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि आपल्याकडच्या दमट हवेत एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या सोडवताना कडेची पट्टी, जिच्यावर TR, TE ही अक्षरे आणि त्यांचे आकडे छापलेले असतात, तेवढीच नेमकी निघून आली. रिपोर्ट हरवला होता. आईंचे वय साठीच्या आसपास होते. गावच्या डॉक्टरांनी त्यांची रक्त पातळ करणारी गोळी बंद केली होती, कारण एका फिल्मवर पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेने पांढरे ठिपके दिसत होते आणि ती फिल्म टी-वन आहे असे त्यांना वाटले होते. टी-वनवर पांढरे दिसणाऱ्या मोजक्या गोष्टींत काही दिवसांचे जुने रक्त असते, हे त्यांचे ज्ञान अगदी बरोबर होते. चूक फक्त फिल्मचे नाव ओळखण्यात होती. आज मी त्या तीन फिल्म तुमच्यासमोर ठेवणार आहे आणि पट्टी नसतानाही प्रत्येक फिल्मचे नाव कसे काढले, तेवढेच सांगणार आहे.

सुरुवातीला एक पथ्य पाळायचे. कोणताही भाग किती पांढरा आहे, हे स्वतंत्रपणे पाहायचे नाही, कारण फिल्म छापणाऱ्या तंत्रज्ञाने विंडो कमी-जास्त केली की सगळाच उजेड बदलतो. जे बदलत नाही ते म्हणजे क्रम. त्याच चित्रात पाणी, चरबी, आतले व्हाइट मॅटर आणि वरच्या कडेचे ग्रे मॅटर यांत कोण कोणापेक्षा उजळ आहे, हा क्रम विंडो फिरवून उलटत नाही. म्हणून डोळा नेहमी जोड्यांवर ठेवायचा.

पहिला प्रश्न पाण्याचा. पाणी शोधायला मेंदूच्या मधल्या पोकळ्या, म्हणजे व्हेंट्रिकल, बघायच्या आणि चित्र पुरेसे खालचे असेल तर डोळ्याचा गोलही बघायचा. डोळ्याच्या आतला द्रव बहुतेक वेळा पाण्याच्याच चालीने चालतो आणि तो रोगाने फारसा बदललेला नसतो, त्यामुळे ती एक चांगली ताडणी आहे. पाणी पांढरे असेल तर आपण टी-टूच्या घराण्यात आहोत. पण पाणी काळे असेल, तर उत्तर मिळालेले नसते. खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. बाईंच्या पहिल्या दोन्ही फिल्मवर पाणी काळे होते, आणि गावच्या डॉक्टरांनी दोन्हींना टी-वन म्हटले ते यामुळेच.

म्हणून दुसरा प्रश्न व्हाइट मॅटर आणि ग्रे मॅटर यांच्या जोडीचा. पहिल्या फिल्मवर मेंदूची कडेची नागमोडी पट्टी करडी होती आणि तिच्या आतला भाग तिच्याहून उजळ होता. व्हेंट्रिकलच्या पुढे आणि मागे कॉर्पस कॅलोझमचा जो जाड पूल दिसतो, तो सगळ्यांत पांढरा होता. व्हाइट मॅटरच्या तंतूंभोवती मायलिनचे आवरण असते आणि त्याच्या सान्निध्यात असलेले पाणी आपली मूळ स्थिती लवकर गाठते. टी-वन हे लवकर सावरणाऱ्यांना पांढरे दाखवणारे चित्र आहे. त्याच कारणाने टाळूखालची आणि डोळ्यांच्या मागची चरबी त्यात झळाळते, आणि मोकळे पाणी, ज्याला सावरायला चार सेकंदांच्या आसपासचा काळ लागतो, ते काळे राहते. आमच्याकडे दुखरी जागा दाखवायला त्वचेवर माशाच्या तेलाची कॅप्सूल चिकटपट्टीने लावतात. टी-वनवर ती पांढऱ्या मण्यासारखी उठून दिसते, कारण ती तेलाचीच असते. पहिली फिल्म टी-वन, यात शंका उरली नाही.

दुसऱ्या फिल्मवर हाच क्रम उलटा होता. कडेची पट्टी थोडी उजळ होती, आतला भाग तिच्याहून गडद होता आणि कॉर्पस कॅलोझम तर स्पष्ट काळपट होता. हा फरक टी-वनइतका ठळक नसतो. घाईत पाहिले की सगळा मेंदू एकसारखा करडा वाटतो, म्हणून मी मुद्दाम कॉर्पस कॅलोझमवर बोट ठेवतो. तिथे फसगत कमी होते. ज्या चित्रात पाणी काळे आहे पण मेंदूचा क्रम टी-टूचा आहे, ते चित्र फ्लेअर.

असे विचित्र मिश्रण कसे तयार होते, हे एकदा समजले की पाठ करावे लागत नाही. फ्लेअरमध्ये यंत्र सुरुवातीला सगळ्या ऊतींचे चुंबकत्व उलटे फिरवते आणि थांबते. प्रत्येक ऊती आपापल्या वेगाने उण्याकडून अधिकाकडे परत येते आणि वाटेत एका क्षणी शून्यावरून जाते. पाण्याचा सावरण्याचा काळ सुमारे 4,000 मिलिसेकंद धरला, तर पूर्ण विश्रांती मिळाल्यास त्याचे शून्य त्याच्या 0.69 पटीवर, म्हणजे सुमारे 2,800 मिलिसेकंदांवर येते. पण यंत्र प्रत्येक फेरी साधारण 9,000 मिलिसेकंदांनी पुन्हा सुरू करते, तोपर्यंत पाणी पुरते सावरलेले नसते, म्हणून ते शून्य अलीकडे सरकून सुमारे 2,400 वर येते. फ्लेअरच्या पट्टीवर TI च्या पुढे 2,200 ते 2,500 च्या दरम्यानचा आकडा दिसतो तो याच हिशेबाने. त्या क्षणी चित्र घेतले की पाण्याकडे द्यायला काहीच नसते आणि ते काळे पडते. बाकीचा मेंदू मात्र लांब TE मुळे टी-टूसारखाच दिसतो. चरबीचा काळ सुमारे 250 मिलिसेकंदांचा असल्यामुळे ती केव्हाच सावरलेली असते आणि फ्लेअरवरही उजळच राहते. म्हणजे टी-वन आणि फ्लेअर यांच्यात निवड करताना चरबी मदत करत नाही, हे लक्षात ठेवावे. चरबी पांढरी दिसली म्हणून टी-वन, असे म्हणणारे बरेच जण मला भेटतात.

आता ठिपक्यांकडे येऊ. फ्लेअरवर व्हेंट्रिकलच्या कडेने पांढरे दिसणारे ठिपके म्हणजे त्या जागी पाण्याचा अंश वाढलेला आहे, एवढाच अर्थ होतो. रक्तदाब जुना असलेल्या साठीतल्या माणसात ते बहुधा बारीक रक्तवाहिन्यांच्या त्रासाने आलेले असतात. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. त्याच उंचीचे चित्र पहिल्या फिल्मवर, म्हणजे खात्रीच्या टी-वनवर, काढून पाहिले. तिथे एकही ठिपका पांढरा नव्हता. दोन ठिकाणी अगदी पुसट काळसर छटा होती आणि बाकी ठिकाणी काहीच नव्हते. काही दिवसांचे रक्त असते, तर ते टी-वनवर पांढरे उमटायला हवे होते. पूर्वीच्या रक्तस्रावाच्या डागाचा प्रश्न ग्रेडिएंट एको किंवा एसडब्ल्यूआय चित्राशिवाय मिटत नाही आणि तसे चित्र या तिन्ही फिल्मवर नव्हते, म्हणून गोळीचा निर्णय मी फोनवर न देता ते चित्र काढून घेण्यास सांगितले. मात्र ज्या कारणाने गोळी थांबली होती, ते कारण त्या फिल्मवर नव्हतेच.

तिसऱ्या फिल्मवर चरबी कामाला आली. चित्रे धूसर होती, कपाळाच्या पोकळीजवळ आणि कानाजवळ मेंदूची कड ओढल्यासारखी वाकडी झाली होती आणि डोक्याच्या बाहेरची चरबीची पांढरी कडी गायब होती. चरबी पुसलेली आणि हवेच्या शेजारी आकार बिघडलेला, ही जोडी दिसली की ते डिफ्युजनच्या पद्धतीने घेतलेले चित्र समजावे. त्यात चरबी मुद्दाम दाबतात, नाही तर ती सरकून मेंदूवर येते. त्या एकाच फिल्मवर चित्रांच्या तीन ओळी होत्या. एका ओळीत पाणी काळे होते, ती डिफ्युजनची खरी प्रतिमा. उरलेल्या दोन ओळींत पाणी पांढरे होते आणि त्यांचा भेद व्हाइट-ग्रेने झाला: एकीत टी-टूसारखा फरक दिसत होता, म्हणजे ती आधाराची बी-शून्य प्रतिमा, आणि दुसरीत व्हाइट मॅटर आणि ग्रे मॅटर जवळजवळ सारखेच करडे होते, म्हणजे तो एडीसी नकाशा. पाणी पांढरे म्हणून या दोन्ही ओळींना टी-टू म्हणून टाकले, तर ताज्या झटक्याची शहानिशा करण्याचे साधनच हातातून जाते.

या पद्धतीला दोन ठिकाणी दगा बसतो. पहिला फ्लेअरमध्ये. दातांना तारा किंवा धातूची कवळी असेल, तर आसपासचे चुंबकीय क्षेत्र बिघडते, उलटे फिरवण्याचा ठोका तिथे नीट बसत नाही आणि पाणी पांढरे राहते. मेंदूच्या तळाशी आणि चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये पाणी वाहते असल्यामुळेही तसे होते. एका भागात पाणी काळे आणि तळाशी पांढरे असे दिसले, तर नाव बदलायचे नाही. आधी तोंडातल्या धातूची चौकशी करायची. पण धातू नाही, वाहत्या जागाही नाहीत आणि वरच्या सुरकुत्यांतले पाणी पांढरे आहे, तर मात्र रक्तस्राव किंवा मेंदूच्या आवरणाचा दाह डोक्यात आणायलाच हवा.

दुसरा दगा माझ्या स्वतःच्या अनुभवातला आहे. नवखा असताना मी चार महिन्यांच्या बाळाची फिल्म हातात घेतली. पाणी काळे, व्हाइट मॅटर ग्रेपेक्षा गडद; आत्ताच सांगितलेल्या नियमाने मी तिला फ्लेअर म्हटले. ती टी-वन होती. बाळाच्या मेंदूत मायलिन अजून पुरते चढलेले नसते, त्यामुळे पहिले सहा-एक महिने टी-वनवरचा क्रम मोठ्यांच्या उलट असतो. टी-वन साधारण वर्षाच्या सुमारास मोठ्यांसारखे होते आणि टी-टूला दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता पेन्सिलचे टोक थॅलॅमसच्या बाहेरच्या अंगाला ठेवले. इंटर्नल कॅप्सूलच्या मागच्या बाहीत, जिथे जन्मवेळीच मायलिन आलेले असते, तिथे एक बारीक पांढरी रेघ होती. बाकी सगळा व्हाइट मॅटर गडद असताना ती एकटीच उजळ होती, आणि टी-वनखेरीज दुसऱ्या कोणत्या चित्रावर ती तशी दिसेल, असे त्यांनी मला विचारले. तेव्हापासून फिल्म हातात आली की पट्टीवरचे वय मी आधी वाचतो, आणि पट्टीच निघून आली असेल तर सोबत आलेल्यांना विचारतो.