पुढे ओढायचं कुणी?

[दृश्य: हेलिकॉप्टरमधून दिसणारा रस्ता, सायकलस्वारांचा दाट पुंजका]

२५ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिक, महिलांची रोड रेस. १३७ किलोमीटर. टोकियोच्या पश्चिमेकडच्या मुसाशिनोनोमोरी पार्कपासून फुजी पर्वताजवळच्या फुजी स्पीडवेपर्यंत. निघाल्या ६७ जणी.

हा जो मोठा पुंजका दिसतो, त्याला पेलोटॉन म्हणतात. त्याच्या टोकाशी असलेली मुलगी बघा. पाठ वाकलेली, मान खाली. आता मधल्या रांगेतली बघा. ती निवांत पाणी पिते आहे. दोघींचा वेग मात्र एकच आहे.

सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगात सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. ट्रकच्या मागं सायकल घातलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पुढच्या एकीच्या चाकाला चाक लावून चाललं, तरी बरेच कष्ट वाचतात. गट मोठा असेल तर फरक आणखी वाढतो. बर्ट ब्लॉकेन या संशोधकाच्या पथकानं २०१८ साली १२१ सायकलस्वारांचा पेलोटॉन अभ्यासला. गटात मागच्या बाजूला, आत दडलेल्या स्वाराला वाऱ्याचा विरोध एकट्याच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के होतो, असं त्यांना दिसलं.

म्हणजे आडोसा फुकट नसतो. तो कुणीतरी पुरवलेला असतो. सायकलिंगमध्ये त्या माणसाला फ्रेंच शब्द आहे, डोमेस्टिक. घरगडी. शब्द कानाला बरा वाटत नाही, पण काम तेच आहे. टीमच्या गाडीपर्यंत मागं जायचं, सगळ्यांच्या बाटल्या जर्सीत खोचून परत पुढे यायचं. म्होरक्याला वारा लागू द्यायचा नाही. त्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून द्यायचं. आणि सगळ्यात जड काम म्हणजे पळून गेलेल्यांना गाठण्यासाठी पेलोटॉनच्या टोकाला जाऊन ओढत राहायचं, पाय संपेपर्यंत. मग बाजूला व्हायचं आणि गटातून मागं पडायचं. निकालात त्याचं नाव कुठंतरी खाली येतं. आम्हाला ही शर्यत दाखवायची आहे ती या माणसासाठी. कारण त्या दिवशी तो तिथं नव्हता.

[दृश्य: पाच जणींचा छोटा गट, मागं मोकळा रस्ता]

या पाच जणी शर्यत खरी सुरू होताच निसटल्या. पोलंडची आना प्लिख्ता, इस्रायलची ओमर शपिरा, दक्षिण आफ्रिकेची कार्ला ओबरहोल्झर, नामिबियाची वेरा लूझर. आणि पांढऱ्या-लाल कपड्यांतली ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर. ती गणितज्ञ. बार्सिलोनात पीएचडी, लोझानच्या विद्यापीठात संशोधन. तेव्हा तिच्यामागं कुठला व्यावसायिक संघ नव्हता, स्वतःचा सराव ती स्वतःच आखत होती. या शर्यतीत ऑस्ट्रियाची ती एकटीच.

याला ब्रेकअवे म्हणतात. पाच जणी आळीपाळीनं पुढे येतात, थोडा वेळ वारा अंगावर घेतात आणि मागं सरकतात. एकीनं जरी पाळी चुकवली, तरी बाकीच्यांच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसतं.

पेलोटॉननं त्यांना जाऊ दिलं, आणि त्यात चूक काही नव्हती. पाच जणींचे पाय एकदा थकतातच. मागं साठ जणींचा आडोसा असतो. फक्त गाठायला केव्हा सुरुवात करायची, एवढाच प्रश्न असतो. त्यासाठी जुना ठोकताळा आहे, फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावानं ओळखला जाणारा: शेवटच्या दर दहा किलोमीटरमागे एक मिनिट भरून काढता येतं.

हिशेब करून बघू. पुढच्या जणी ताशी ४० नं चालल्यात, तर दहा किलोमीटरला त्यांना १५ मिनिटं लागतात. मागच्यांना तेच अंतर १४ मिनिटांत कापायचं, म्हणजे ताशी जवळपास ४३ हवेत. तीनच किलोमीटर जास्त. पण ते सतत, आणि पुढे राहून, कुणीतरी काढायला हवेत. एकीचं ते काम नव्हे. तिघी-चौघी लागतात, आणि त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या पदकावर पाणी सोडलेलं असावं लागतं.

शर्यत ८५ ते ९० किलोमीटर उरली तेव्हा फरक दहा मिनिटांच्या वर गेला होता. ठोकताळ्यानं पाठलाग सुरू करायची वेळ तेव्हाच झाली होती.

[दृश्य: पेलोटॉनच्या पुढच्या रांगेत केशरी जर्सी]

सगळ्यांच्या नजरा या केशरी जर्सींवर. नेदरलँड्स. मारिआने फॉस, २०१२ ची ऑलिंपिक विजेती. आना फान डर ब्रेखेन, २०१६ ची विजेती. आनेमीक फान फ्लूटेन, जिनं रिओत आघाडीवर असताना उतारावर पडून सोनं गमावलं होतं. डेमी फॉलरिंग, त्याच वर्षी लिएज-बास्तोन्य-लिएज ही बेल्जियममधली मोठी शर्यत जिंकलेली. ऑलिंपिकमध्ये एका देशाला जास्तीत जास्त चारच जागा. नेदरलँड्सनं चारही जागा जिंकू शकणाऱ्यांना दिल्या.

मग ओढायचं कुणी? फॉसनं जीव जाळावा तर फायदा फान फ्लूटेनला. आणि इतर देश म्हणत असणार, सगळ्यात ताकदवान संघ यांचा, तर कामही यांनीच करावं. रोड रेसचा हा अलिखित रिवाजच आहे: जिंकण्याची आशा सर्वांत मोठी ज्याची, वारा त्यानं खायचा. मागं दमदार मुली भरपूर होत्या, पण सलग ओढणारी रांग लागलीच नाही.

फान फ्लूटेन पडली, उठली, मग एकटीच निघाली. तिच्याच देशाच्या तिघी मागं असल्यानं त्यांनी पाठलाग करायचा प्रश्नच नव्हता. पंचवीसेक किलोमीटर उरलेले असताना गटानं तिला परत गाठलं.

[दृश्य: कागोसाका घाट, एकटी ऑस्ट्रियन]

तोवर पुढे दोघी चढावर गळल्या होत्या. उरलेल्या तिघींपैकी कीझेनहोफर कागोसाका घाटात सुटली, ४१ किलोमीटर बाकी असताना. इथून पुढे तिला आडोसा नाही, पाळी नाही. हात हँडलवर, कोपर आत, डोकं खाली. एवढं एकच करता येतं.

[दृश्य: मोटरसायकलवरची फळ्याची पाटी]

नेहमीच्या मोठ्या शर्यतीत कानात रेडिओ असतो, संघाच्या गाडीतून कुणीतरी आकडे सांगत राहतं. ऑलिंपिकमध्ये रेडिओला परवानगी नाही. असते फरक लिहून दाखवणारी ही पाटी, आणि गाडीपर्यंत मागं जाऊन विचारणं. बाटल्या आणायला गेलेली गडीण हीच बातमी घेऊन येते.

शेवटच्या पाचेक किलोमीटरमध्ये पेलोटॉननं शपिरा आणि प्लिख्ताला गाठलं. डच मुलींना वाटलं, संपलं, पुढे आता कुणी नाही. फान फ्लूटेननं मुसंडी मारली.

[दृश्य: फुजी स्पीडवे, अंतिम रेषा]

कीझेनहोफर, ३ तास ५२ मिनिटं ४५ सेकंद. सुवर्ण. सव्वा मिनिटानं फान फ्लूटेन, रौप्य. तिसरी इटलीची एलिसा लोंगो बोर्गिनी.

हे फान फ्लूटेनचे वर गेलेले दोन्ही हात. आणि रेषेच्या पलीकडे ही कीझेनहोफर, रस्त्यावर आडवी.

[आवाज बंद. दृश्य चालू राहते.]