दोन सेंटिमीटरची गोष्ट

(पुण्यातल्या एका सायकल गटासमोर अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘हासळीचं फ्रॅक्चर: ऑपरेशन की झोळी’. मला चाळीस मिनिटं कबूल केली होती, पण सत्कार, नारळ आणि दोन मनोगतं झाल्यावर पंचवीस उरलीत. असो. इथे कॉलरबोन मोडलेले किती जण आहेत? हात वर करा. ज्यांचा वर जात नाही त्यांनी नंतर भेटा.

मी स्वतः त्यातलाच. कॉलेजात असताना टिळक रोडवर लूनावरून पडलो. शेजारच्या डॉक्टरांनी मला तो पट्टा घातला, दप्तरासारखा दोन्ही खांद्यांतून जाऊन पाठीवर आवळतात तो. मेडिकलवाल्याच्या भाषेत क्लॅव्हिकल ब्रेस. आई रोज सकाळी गुडघा माझ्या पाठीला टेकवून तो ओढायची, कारण ‘घट्ट असला तरच हाड जागेवर राहतं’ असं तिला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी काखा सोलवटल्या, बोटांना मुंग्या आल्या. आणि हाड? ते जसं होतं तसंच राहिलं. डेन्मार्कमध्ये १९८७ साली ६१ रुग्णांवर हा पट्टा आणि साधी झोळी यांची तुलना झाली. हाड जुळण्यात फरक नाही, फक्त पट्टेवाल्यांना त्रास जास्त. तरीही हा पट्टा आजही लिहून दिला जातो. माझी तक्रार आईबद्दल नाही, पट्ट्याबद्दल आहे.

तो का चालत नाही, ते गळ्याला हात लावून पाहा. हे हाड बहुधा मधल्या भागात मोडतं. मानेचा मोठा स्नायू आतला तुकडा वर ओढतो, हाताचं वजन बाहेरचा तुकडा खाली नेतं, छातीचे स्नायू त्याला आत खेचतात. म्हणजे तुकडे एकमेकांवर चढतात आणि खांदा आखूड होतो. हे सगळं दिवसभर चालू असतं. पाठीवर पट्टा आवळून ते थांबत नाही.

आता गोष्ट. आपल्यातलाच एक, वय अडतीस, नाव सांगत नाही, पण तुमच्यातले काही आत्ताच मागे वळून पाहताहेत. सिंहगडाच्या उतारावर वाळूत चाक घसरलं, खांद्यावर पडला. रात्री कॅज्युअल्टीत झोपवून फोटो काढला आणि तो त्याने घरी पोचायच्या आत व्हॉट्सॲपवर टाकला. दुसऱ्या दिवसापर्यंत तीन मतं आली. पहिल्याने मोजलं, बारा मिलिमीटर आखूड, झोळी. दुसऱ्या दिवशी उभं करून फोटो काढला, तिथल्या डॉक्टरांनी मोजलं एकवीस, दोन सेंटिमीटरच्या वर, म्हणजे उद्याच ऑपरेशन करून प्लेट. तिसऱ्याने तोच फोटो मोबाइलवर मोठा करून मोजला, अठ्ठावीस. माणूस माझ्याकडे आला आणि म्हणाला, “डॉक्टर, रात्रीत माझं हाड सोळा मिलिमीटर सरकलं?”

नाही. झोपल्यावर हाताचं वजन खाली लोंबत नाही, उभं राहिलं की लोंबतं. क्ष-किरणांचा कोन बदलला की सावली लांब-आखूड होते. आणि ज्यांची हाडं कधी मोडलीच नाहीत अशा कितीतरी लोकांत डाव्या-उजव्या हासळीत पाच मिलिमीटरहून जास्त फरक असतो. मग आखूड म्हणजे कशाच्या तुलनेत? निदान दोन्ही बाजू एकाच फोटोत, उभं राहून घ्याव्यात. त्यातही मिलिमीटरवर पैज लावू नये.

मग ‘दोन सेंटिमीटर आखूड झालं की ऑपरेशन’ हा नियम आला कुठून? त्याआधीचा काळ पाहा. चार्ल्स नीर यांनी १९६० साली लिहिलं की विनाऑपरेशनच्या २२३५ फ्रॅक्चरपैकी तीनच जुळली नाहीत. त्यात लहान मुलंही होती आणि न सरकलेली हाडंही. पोरांची हाडं तर रागावूनसुद्धा जुळतात! पुढे १९९७ साली फक्त प्रौढांची, पूर्ण सरकलेली ५२ हाडं पाहिली गेली. त्यातली आठ जुळली नाहीत आणि वीस मिलिमीटर किंवा अधिक आखूड झालेल्यांत निकाल वाईट. बावन्न माणसांवरून निघालेला आकडा पुढे पट्टीवर कोरला गेला. नंतर जुळलेल्या हाडांचाच अभ्यास झाला, तेव्हा किती आखूड झालं आणि खांदा कसा चालतो यांचा संबंध सापडेना.

(इथे अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. ज्यासाठी बोलावलं ते आता सुरू होतंय.)

कुणाला प्लेट आणि कुणाला झोळी हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या चाचण्या. कॅनडात २००७ साली १३२ जणांवर झाली. प्लेटवाल्यांत न जुळणारी आणि वेडीवाकडी जुळून त्रास देणारी हाडं बरीच कमी निघाली. वर्षाच्या शेवटीही खांद्याच्या कामात त्यांचे गुण वर होते, म्हणून जगभर प्लेटा वाढल्या. इंग्लंडात २०१७ साली ३०१ जणांची झाली. सहा आठवडे आणि तीन महिन्यांना प्लेटवाले पुढे, नऊ महिन्यांना खांद्याच्या कामात फरक नाही. पण तेव्हाही झोळीतल्या ११ टक्क्यांचं हाड जुळलेलं नव्हतं, प्लेटवाल्यांत १ टक्क्याहून कमी.

म्हणजे प्लेटेने मिळतं ते हे: हाड न जुळण्यापासून बचाव आणि पहिले काही आठवडे सुकर. बदल्यात व्रण, जंतुसंसर्गाची थोडी शक्यता, व्रणाखाली बधिर चकती, बॅगच्या पट्ट्याखाली टोचणारी प्लेट आणि काहींना ती काढायचं दुसरं ऑपरेशन. झोळीतल्या बहुतेकांना यातलं काहीच सोसावं लागत नाही. त्यांना उरतो तो गळ्यापाशी उंचवटा. मात्र हाड कातडीतून बाहेर आलं, कातडी ताणून पांढरी पडली किंवा हाताची नाडी-संवेदना बिघडली, तर ही चर्चा संपली, ऑपरेशन.

बाकीच्यांत मी पट्टीआधी विचारतो: तुकडे एकमेकांना टेकतात का, किती ठिकाणी मोडलंय, सिगारेट ओढता का. आपल्या मित्राचे तुकडे टेकत नव्हते, मध्ये एक उभा तुकडा होता, आणि सिगारेट ‘फक्त राइड संपल्यावर’. धोका सरासरीपेक्षा जास्त, हे सांगितलं. त्याने झोळी निवडली. सिगारेट सोडतो म्हणाला, आणि सोडलीही.

खरी परीक्षा सहाव्या आठवड्याला असते. फोटोत नवं हाड धुरकट दिसतंय का, बोटाने दाबल्यावर मोडलेली जागा हलते का, आणि शर्ट घालणं, डबा उघडणं किती जड जातंय. तिन्ही चांगलं असेल तर बहुधा जुळतंच. याचं एकही चांगलं नव्हतं. तरी बाराव्या आठवड्यापर्यंत थांबलो, कारण उशिरा जुळणारीही असतात. जागा तेव्हाही बोटाखाली हलत होती. प्लेट घातली, जागा तासून थोडं कंबरेचं हाड भरलं, आणि ते जुळलं.

मागून कुणीतरी म्हणतंय, मग ते प्लेटवाले डॉक्टर बरोबरच होते! नाही हो. पहिल्याच दिवशी सगळ्यांना प्लेट घातली, तर अशा एकासाठी आणखी आठ-नऊ जण उगाच टेबलावर चढतात. फक्त उशिराचं ऑपरेशन जरा अवघड होतं आणि त्याचे तीन महिने गेले, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं.

तो आता परत सिंहगड चढतो. तक्रार एकच, व्रणाखाली बधिर आहे. शर्टाच्या खिशात हात घातला की दुसऱ्याच्या खिशात घातल्यासारखं वाटतं म्हणतो.