बादलीत पाणी किती वेगानं चढतंय? रिलेटेड रेट्सची मांडणी

(हातात बादली)

ही बादली बघा. आपल्या कोल्हापुरी गुळाचा रवा असतो ना, तोच आकार. खाली अरुंद, वर रुंद. दहावीत हिलाच आपण शंकूछेद म्हणायचो. तळाची त्रिज्या १० सेमी, तोंडाची १५ सेमी, उंची ३० सेमी. नळातून मिनिटाला ६ लिटर पाणी पडतंय. पाणी १२ सेमीवर आलं की त्या क्षणी पातळी किती वेगानं चढत असेल?

आधी चित्र काढा. बादली मधोमध उभी चिरली तर काय दिसेल ते. त्या चित्रात आकडे फक्त न बदलणाऱ्या गोष्टींना द्यायचे: १०, १५, ३०. पाण्याची उंची बदलते, तिला h. पाण्याच्या पृष्ठभागाची त्रिज्याही बदलते, तिला r. आणि तो १२? त्याला चित्रात अजिबात घ्यायचं नाही. तो एका क्षणाचा फोटो आहे, आणि आपल्याला हवाय वेग.

आता h आणि r यांचं नातं. इथं पोरं सवयीनं १५ भागिले ३० करतात आणि r = h/२ लिहून मोकळी होतात. त्यात h = ० घालून बघा. r शून्य येतो! म्हणजे बादलीला बूडच नाही. खरं असं आहे, की ३० सेमी चढताना त्रिज्या ५ सेमीनं वाढते. म्हणून

r = १० + h/६

आता घनफळ. शंकूछेदाचं सूत्र लिहून, r च्या जागी हे घालून डेरिव्हेटिव्ह काढता येतं, पण पसारा होतो. h मोजायची सुरुवात बदलली तर काम हलकं होतं. बादलीच्या तिरक्या भिंती मनातल्या मनात खाली वाढवत न्या. दर ६ सेमीला त्रिज्या १ सेमीनं घटते, म्हणजे तळाच्या ६० सेमी खाली त्या एका टोकाला मिळतील. त्या टोकापासूनची उंची y धरा. मग r = y/६, साधा शंकू. त्या शंकूचं घनफळ πy³/१०८. त्यातून बादलीखालचा काल्पनिक शंकू वजा करायचा, पण तो बदलतच नाही, त्यामुळे डेरिव्हेटिव्हमध्ये गळून पडतो. शिवाय y आणि h यांत फरक कायम ६० चा, म्हणून दोघांचा वेग एकच.

dV/dt = (πy²/३६) · dy/dt

आता घाला १२. y = ७२, कंसात येतं १४४π. हा आकडा ओळखीचा वाटतोय? h = १२ ला r = १० + २ = १२, आणि πr² म्हणजे १४४π. पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ! यायलाच हवं, कारण इवल्याशा वेळात वर चढतो तो पाण्याचा एक पातळ थर, पृष्ठभागाएवढा रुंद.

आता एककं. उत्तर सेमी दर सेकंदाला हवं, नळ बोलतोय लिटर-मिनिटांत. ६ लिटर म्हणजे ६००० घनसेमी, भागिले ६० सेकंद, म्हणजे सेकंदाला १०० घनसेमी. १०० भागिले ४५२ चौरस सेमी, साधारण ०.२२. घनसेमी दर सेकंदाला भागिले चौरस सेमी, उरलं सेमी दर सेकंदाला. बरोबर. कुणी ६ तसाच घातला असता तर ०.०१३ आलं असतं, आणि त्याचं एकक 'लिटर दर मिनिट दर चौरस सेमी'. पट्टीवर असलं काही मोजता येत नाही, तिथंच शंका यायला हवी.

पण एककं जुळली म्हणून हुरळून जाऊ नका. मघाचं r = h/२ वापरलं तर ०.८८ सेमी दर सेकंदाला येतं, एकक अगदी चोख. ते पकडायचं कसं? पाणी सगळ्यात वेगानं चढतं ते अरुंद तळाशी, आणि तिथंही वेग १०० भागिले १००π, म्हणजे ०.३२ च्या आसपास. तोंडाशी ०.१४. आपलं उत्तर या दोघांच्या मध्ये हवं. ०.८८ कटाप.

आणि एक चूक या चाळणीतूनही निसटते. कुणी सूत्र लिहिलं, V = ⅓πh(१०० + १०r + r²), आणि डेरिव्हेटिव्हच्या आधीच r = १२ घातला. म्हणजे पाणी चढतंय, पण त्रिज्या गोठलीय. उत्तर ०.२६. एकक बरोबर, ०.१४ आणि ०.३२ च्या मध्येही बसतं. तरी चूक! इथं dh/dt समोरचा आकडा बघायचा. तो येतो साधारण १२१π, आणि पृष्ठभाग आहे १४४π. पाण्याचा थर पृष्ठभागापेक्षा लहान कसा असेल?

आता घरी हे करा: याच बादलीत वेग सेकंदाला बरोब्बर ०.२ सेमी असतो तेव्हा पाणी किती उंचीवर असेल? r आधी काढा, h मागून येतो. उत्तर कमेंटमध्ये टाका, एककासकट.