पाच पानांची तक्रार एका पानावर: यावलच्या केळीच्या बागेतील मोटारीचे प्रकरण

नमस्कार. जळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाखल करण्यासाठी लिहिलेली पाच पानांची एक तक्रार आज आपण एका पानावर आणणार आहोत. ही तक्रार उदाहरणासाठी रचलेली आहे, त्यामुळे तीत कोणत्याही दुकानाचे, कंपनीचे किंवा माणसाचे नाव नाही. मात्र तीत आलेल्या अडचणी खानदेशातल्या केळी उत्पादकांना परक्या वाटणार नाहीत.

प्रकरण असे आहे. यावल तालुक्यातील एका शेतकऱ्याने मार्चमध्ये जळगावच्या दुकानातून साडेसात एचपीची सबमर्सिबल मोटार घेतली आणि ऐन मे महिन्यात, केळीला रोज पाणी लागते अशा दिवसांत, ती बंद पडली. दुकानदाराने मोटार तपासायला ठेवून घेतली, दोन आठवडे फिरवले आणि शेवटी सांगितले की व्होल्टेजमुळे वाइंडिंग जळाले आहे, त्यामुळे हमी लागू होत नाही.

(पडद्यावर: हाताने लिहिलेली पाच पाने)

या शेतकऱ्याने जे लिहिले आहे ते मनापासून लिहिले आहे. पहिल्या पानावर घराण्याची शेती, कर्ज आणि आधीच्या वर्षी वादळात पडलेली बाग आहे. दुसऱ्या व तिसऱ्या पानावर दुकानातल्या प्रत्येक फेरीचे वर्णन आहे: कोण काय बोलले, कोणी फोन उचलला नाही, कोणी उन्हात उभे ठेवले. मोटार घेतल्याची तारीख चौथ्या पानाच्या मध्यावर सापडते. पाचव्या पानावर कंपनीचा परवाना रद्द करावा, मालकाला शिक्षा व्हावी आणि बागेच्या नुकसानीचे चार लाख रुपये मिळावेत, अशी मागणी आहे. मोटारीची किंमत परत मागायची मात्र राहून गेली आहे.

हा मजकूर का कापायचा, हे समजण्यासाठी तक्रार दाखल झाल्यावर पुढे काय होते ते पाहावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार दाखल करून घेतल्यानंतर तिची प्रत विरुद्ध पक्षाला पाठवली जाते आणि त्याला उत्तर देण्यासाठी तीस दिवस, आयोगाला योग्य वाटल्यास आणखी पंधरा दिवस मिळतात. त्याचा वकील ते उत्तर परिच्छेदवार देतो: परिच्छेद एक मान्य, परिच्छेद दोन अमान्य, या पद्धतीने. तुमच्या एका परिच्छेदात खरेदी, अपमान, व्होल्टेज आणि बागेची अवस्था या चारही गोष्टी एकत्र असतील, तर ‘या परिच्छेदातील मजकूर खोटा व अतिशयोक्त असल्याने अमान्य’ एवढे एकच वाक्य लिहून तो सुटतो, आणि त्या वाक्याखाली तुमचे बिलसुद्धा दडपले जाते. परिच्छेदात एकच घटना, एकच तारीख आणि तिचा एकच कागद असेल, तर त्याला ती घटना मान्य तरी करावी लागते किंवा कागद समोर असताना नाकारावी लागते. तक्रार एका पानावर आणण्यामागे माझ्या दृष्टीने हेच खरे कारण आहे; आयोगाचा वेळ वाचतो हा त्यानंतरचा लाभ.

कापण्यापूर्वी एक भर घालू, कारण पाच पानांत जे वाक्य सर्वांत आवश्यक होते तेच नाही. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा माणूस या कायद्यात ग्राहक ठरत नाही, आणि केळी बाजारात विकली जाते म्हणून मोटार व्यापारी कारणासाठी घेतली, असा आक्षेप कंपनीकडून येऊ शकतो. त्याचे उत्तर कायद्यातच आहे: स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी वापरलेली वस्तू व्यापारी कारणात मोडत नाही. म्हणून मी स्वतः शेती कसतो आणि हाच माझ्या पोटापाण्याचा मार्ग आहे, हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवे. बिल वडिलांच्या नावे असेल, तर मोटार त्यांच्या संमतीने मी वापरतो, हेही तिथेच लिहावे, कारण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा माणूसही ग्राहकच असतो.

आता सर्वांत नाजूक भाग. मूळ तक्रारीत ‘कंपनीने निकृष्ट तांब्याचे वाइंडिंग वापरून फसवणूक केली’ असे लिहिले आहे. शेतकऱ्याला हे वाटते. त्याने ते पाहिलेले नाही. मोटार उघडली गेली तेव्हा तो तिथे नव्हता आणि तांब्याची तपासणी कोणीच केलेली नाही. असे वाक्य ठेवले की ते सिद्ध करण्याचे ओझे आपण विनाकारण डोक्यावर घेतो. त्याने प्रत्यक्ष जे पाहिले ते याहून कितीतरी उपयोगाचे आहे: त्या सकाळी त्याची मोटार सुरू झाली नाही, आणि त्याच वेळी त्याच डीपीवरच्या शेजारच्या दोन विहिरींच्या मोटारी पाणी ओढत होत्या. दुकानदाराच्या व्होल्टेजच्या कारणाला हे थेट उत्तर आहे. शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र जोडले की त्याला वजन येते. मूळ कागदात हे वाक्य तिसऱ्या पानावर, फोनच्या भांडणाच्या मध्ये, अर्ध्या ओळीत आले होते. अर्थात यावरून मोटारीत दोष होता हे पूर्णपणे सिद्ध होत नाही. ते ठरवण्यासाठी तपासणी लागली, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणूनच मोटार दुसरीकडे नेऊन वाइंडिंग भरून घेऊ नये. बागेला पाणी हवे असते आणि मोह होतो, हे मी जाणतो. पण जळालेले वाइंडिंग एकदा भंगारात गेले की तपासायला काही उरत नाही. दुसरी मोटार भाड्याने आणावी किंवा शेजारच्या विहिरीवरून पाणी घ्यावे आणि त्याची पावती ठेवावी.

(पडद्यावर: नवे एक पान. निवेदक सावकाश वाचतो.)

१. तक्रारदार यावल तालुक्यात पाच एकर केळी स्वतः कसतात. हाच त्यांच्या उदरनिर्वाहाचा मार्ग असून वादातील मोटार त्यांनी केवळ त्यासाठी घेतली.

२. दि. १२ मार्च २०२५ रोजी तक्रारदारांनी विरुद्ध पक्ष क्र. १, विक्रेता, यांच्याकडून विरुद्ध पक्ष क्र. २, उत्पादक, यांची साडेसात एचपीची मोटार ४६,५०० रुपयांस घेतली. बिल, कागद क्र. १.

३. मोटारीस खरेदीपासून बारा महिन्यांची हमी आहे. हमीपत्र, कागद क्र. २.

४. दि. ३ मे २०२५ रोजी सकाळी मोटार सुरू झाली नाही. त्या वेळी त्याच डीपीवरील शेजारच्या दोन मोटारी चालू होत्या. शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, कागद क्र. ३.

५. दि. ४ मे रोजी मोटार विहिरीतून काढण्यास ३,५०० रुपये खर्च आला. पावती, कागद क्र. ४.

६. दि. ५ मे रोजी मोटार विरुद्ध पक्ष क्र. १ यांच्याकडे जमा केली. जमा पावती, कागद क्र. ५. मोटार आजही त्यांच्याच ताब्यात आहे.

७. दि. २० मे रोजी विरुद्ध पक्ष क्र. १ यांनी व्हॉट्सॲपवर कळवले की व्होल्टेजमुळे वाइंडिंग जळाल्याने हमी लागू नाही आणि दुरुस्तीसाठी ११,८०० रुपये भरावेत. संदेशाची छापील प्रत, कागद क्र. ६. तपासणीचा लेखी अहवाल दिला नाही.

८. दि. ६ ते २५ मे या काळात शेजारच्या विहिरीवरून पाणी घेण्यास १२,००० रुपये खर्च आला. पावती, कागद क्र. ७.

९. दि. २६ मे रोजी दोन्ही विरुद्ध पक्षांना रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ती दि. २९ मे रोजी पोहोचली. उत्तर आले नाही. नोटीस व पोहोच, कागद क्र. ८.

१०. तक्रारदार जळगाव जिल्ह्यात राहतात, मोटारीची किंमत ५० लाखांच्या आत आहे, आणि दि. ३ मे २०२५ पासून दोन वर्षांच्या आत ही तक्रार दाखल केली आहे.

(वाचन संपते.)

दहाव्या परिच्छेदावर थोडे बोलतो. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करायची असते. मुदत २० मेच्या नकारापासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, पण मी ती मोटार बंद पडलेल्या ३ मेपासूनच मोजायला सांगेन, कारण आधीची तारीख धरली की वादाला जागा राहत नाही. नोटिसा पाठवत राहिल्याने मुदत वाढत जाते असे समजून अनेक जण वाट पाहतात. तसे होत नाही. उशीर झालाच, तर तो माफ व्हावा म्हणून सबळ कारणांसह वेगळा अर्ज द्यावा लागतो. पाचव्या पानावर तारीखच नव्हती, म्हणजे तक्रार मुदतीत आहे की नाही हे शोधण्याचे काम आयोगावर टाकले होते.

राहिली मागणी. परवाना रद्द करणे आणि शिक्षा देणे या मागण्या मी काढल्या, कारण एका मोटारीच्या दाव्यात आयोग जे देऊ शकतो ते वेगळे आहे: दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे, भरपाई आणि तक्रारीचा खर्च. बागेच्या चार लाखांवर मात्र विचार करावा लागला. नुकसान खरे असेल. पण पाण्याअभावी किती खोडे वाळली याचा पंचनामा नाही, आधीच्या हंगामाच्या वजनपावत्या नाहीत, आणि वीस दिवस शेजारून पाणी घेतल्याचे आपणच लिहिले आहे. पुरावा नसलेला मोठा आकडा शेजारच्या खऱ्या आकड्यांवरही संशय आणतो. कृषी सहायकांसमक्ष पंचनामा झाला असता, तर ही मागणी मी नक्की ठेवली असती. आकडा फुगवून आयोगाच्या दृष्टीने काही साधत नाही, कारण २०१९ च्या कायद्यात आयोगाची आर्थिक मर्यादा वस्तूसाठी दिलेल्या किमतीवरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. शुल्कही त्याच किमतीवर ठरते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला ते लागत नाही.

त्यामुळे मागणीचा परिच्छेद असा होतो: विरुद्ध पक्षांनी वैयक्तिक व संयुक्तपणे नवी मोटार द्यावी किंवा ४६,५०० रुपये दि. ५ मे २०२५ पासून व्याजासह परत करावेत. मोटार काढण्याचे ३,५०० आणि पाण्याचे १२,००० रुपये द्यावेत. मानसिक त्रासापोटी १५,००० आणि तक्रारीच्या खर्चापोटी ५,००० रुपये द्यावेत. दुकानातल्या त्या सगळ्या फेऱ्या आणि उन्हातले उभे राहणे या पंधरा हजारांत आले आहे. ‘वैयक्तिक व संयुक्तपणे’ हे शब्द राहू द्यावेत, नाहीतर विक्रेता उत्पादकाकडे आणि उत्पादक विक्रेत्याकडे बोट दाखवतो.

एक पान म्हणजे तक्रारीचा मजकूर. पक्षकारांची पूर्ण नावे व पत्ते, सत्यापन, प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी आणि कागदांच्या प्रती याव्यतिरिक्त लागतात, आणि त्यांना पान क्रमांक घालावेत. प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एक संच वेगळा काढावा. मूळ पाच पाने फाडू नयेत. पुढे पुराव्याचे प्रतिज्ञापत्र करताना, किंवा विरुद्ध पक्षाने परिच्छेद चार नाकारला आणि त्या सकाळी नेमके काय घडले असे विचारले गेले, तर त्यातील तपशील उपयोगी पडतो.