चाकं पोटात, आकडा बंद

विमानानं धावपट्टी सोडली की काही सेकंदांतच पायाखाली घरघर सुरू होते. मग वाऱ्याचा जोरदार आवाज, एक धप्प, आणि पाठोपाठ शांतता. खिडकीजवळ बसलेला प्रवासी क्षणभर दचकतो. ती धप्प म्हणजे चाकं पोटात जाऊन आकड्यात अडकल्याची खूण. आज आपण त्या आकड्याबद्दल बोलणार आहोत, आणि ज्या दिवशी तो उघडलाच नाही, त्या दिवसाबद्दल.

[दृश्य: रात्रीचा विमानतळ, उड्डाण घेणारं रुंद शरीराचं विमान]

31 ऑक्टोबर 2011. मध्यरात्र व्हायला आली होती. अमेरिकेतल्या न्यूअर्कहून लॉट या पोलिश विमान कंपनीचं बोईंग 767 वॉर्साकडे निघालं. विमानात 231 माणसं. कॅप्टन तादेउश व्रोना. चाकं उचलली गेली, फ्लॅप आत गेले, आणि थोड्याच वेळात मधल्या हायड्रॉलिक यंत्रणेतलं तेल गळून गेलं. दाब शून्य.

767 ला अशा तीन हायड्रॉलिक यंत्रणा असतात: डावी, उजवी आणि मधली. चाकं वर-खाली करण्याचं काम मधलीकडे. तिला एक नव्हे, अनेक पंप आहेत. विजेवर चालणारे आहेत, दाबाच्या हवेवर चालणारा आहे, आणि अगदी वेळ आलीच तर बाहेरच्या वाऱ्यावर फिरणारा पंखाही आहे. पण हे सगळे पंप एकाच तेलावर चालतात. तेलच नसेल तर पंप कितीही असोत, ते काय ढकलणार?

तेल गेलं कुठून? उजव्या मुख्य पायाकडे जाणाऱ्या एका लवचिक नळीतून. पाय प्रत्येक उड्डाणाला आत जातो, बाहेर येतो, आणि त्याच्याबरोबर ही नळी वाकते, सरळ होते. तिथे कडक पाइप चालतच नाही, म्हणून ही नळी असते, आणि त्या वाकण्यातच तिचं आयुष्य झिजतं. आत दाब असतो दर चौरस इंचाला 3000 पाउंडांचा. अशा दाबाला नळी जिथे फुटते तिथून तेल ठिबकत नाही, फवारतं. याच भागासाठी विमान बनवणाऱ्यांनी सुधारणेची एक सूचना आधीच काढलेली होती. या विमानात ती अमलात आणलेली नव्हती, असं पोलंडच्या अपघात चौकशी आयोगानं पुढे आपल्या अहवालात नोंदवलं.

आता एक प्रश्न मनात येतो. दाब गेला, तर चाकं आपोआप खाली का पडली नाहीत?

[दृश्य: चाकाच्या खोबणीत, छताला बसवलेला पोलादी आकडा, अगदी जवळून]

कारण चाकांना वर नेतं तेल, पण वर धरून ठेवतो हा आकडा. याला अपलॉक म्हणतात. वैमानिकानं दांडी वर केली की आधी चाकांच्या खोबणीची दारं उघडतात. मग पायाला ताठ धरणारं खालचं कुलूप सुटतं. चार चाकांचा संच थोडा तिरका होतो, म्हणजे खोबणीत मावेल. फिरत्या चाकांना ब्रेक लागतो, आणि पाय आत ओढला जातो. अगदी शेवटच्या टप्प्यात पायावरचा एक छोटा रूळ या आकड्याच्या जबड्यात शिरतो. त्याच्या धक्क्यानं आकडा फिरतो, आणि त्याच्यामागचा खटका स्प्रिंगनं जागेवर बसतो. मोटारीचं दार लावताना जे होतं, तेच. एकदा 'खट्' झालं की दार धरून ठेवायला कुणी लागत नाही. पायाचं वजन जितकं खाली ओढेल, तितका आकडा घट्ट बसतो.

त्यानंतर दारं मिटतात, आणि दांडी मधल्या जागेवर, 'ऑफ'वर आणली की चाकांच्या नळ्यांतला दाब काढून घेतला जातो. म्हणजे तासन् तासांच्या प्रवासात चाकं तेलावर लटकत नाहीत. ती पोलादावर लटकतात. हे मुद्दाम केलेलं आहे. चाकं दाबावर तोलून धरली असती, तर नळी फुटताच ती समुद्रावर ऐन वेगात बाहेर आली असती. त्या रात्री अटलांटिकवर तेल संपलेलं होतं आणि आकड्यांनी चाकं पूर्ण प्रवासभर जागच्या जागी धरून ठेवली होती. आकड्यांनी आपलं काम चोख केलं. प्रश्न होता तो त्यांना सोडवायचं कसं, हा.

त्यासाठीच दुसरी वाट असते. ती समजून घ्यायला एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चाकं वर न्यायला जोर लागतो, खाली आणायला लागत नाही. वजन त्यांना खाली आणतं. नाकाखालचा पाय तर पुढच्या दिशेनं आत जातो, म्हणून बाहेर येताना समोरचा वारा त्याला मागे, जागेवर ढकलतो. मुख्य पाय पोटातून बाहेरच्या बाजूला झुलत येतात. पाय सरळ झाला की त्याचा घडीचा आधार ताठ होतो आणि स्प्रिंगा त्याचा सांधा मध्यरेषेच्या पलीकडे ओढतात. मांडवातलं लोखंडी घडीचं टेबल पाहिलंय ना? पाय उघडून पट्टी पूर्ण खाली दाबली की ती 'कट्' करून बसते, मग वरून कितीही वजन ठेवा. अगदी तसंच. तेव्हा हायड्रॉलिक दाबाशिवाय चाकं उतरवायची म्हणजे फक्त आकडे सोडायचे. बाकीचं पृथ्वी करते.

हे सोडण्याची पद्धत विमानागणिक वेगळी. बोईंग 737 मध्ये सहवैमानिकाच्या मागे जमिनीत एक झाकण असतं. ते उघडायचं, आत तीन मुठी, एकेका पायाची एकेक. हातानं वर ओढायच्या. एअरबस ए-320 मध्ये दोन वैमानिकांच्या मधोमध एक हँडल असतं. ते बाहेर काढून तीन फेरे फिरवायचे. दोन्हीकडे काम माणसाच्या मनगटानं होतं. 767 मध्ये मात्र हातानं ओढायची मूठ नाही. समोर एक बटण आहे. ते दाबलं की एक छोटी विजेची मोटर फिरते आणि दारांचे आणि तिन्ही पायांचे आकडे सोडते. मोटरला मधल्या यंत्रणेच्या तेलाशी काही देणंघेणं नाही. आकडे सुटले की पाय पडतात, कुलूप लागतं, तीन हिरवे दिवे उजळतात. खोबणीची दारं उघडीच राहतात, कारण ती मिटवायला तेल हवं. चाकं परत वर घेता येत नाहीत. पुढचं चाक वळवण्याची ताकदही मधल्याच यंत्रणेची, तेव्हा विमान धावपट्टीवर थांबतं, पण पुढे ट्रॅक्टरनं ओढून न्यावं लागतं. एवढीच गैरसोय.

म्हणूनच दाब गेल्यावरही या वैमानिकांनी प्रवास सुरू ठेवला. उरलेल्या दोन यंत्रणांवर विमान नीट उडत होतं, आणि चाकांसाठी पर्यायी मार्ग हाताशी होता. माझ्या मते त्या क्षणी त्यांच्यासमोर जी माहिती होती तिच्यावर हा निर्णय समजण्यासारखा आहे.

[दृश्य: ढगाळ दुपार, वॉर्सा शहरावरून विमानाची घिरटी]

1 नोव्हेंबरची दुपार. वॉर्सा जवळ आलं. पर्यायी बटण दाबलं गेलं. काहीच झालं नाही.

इथे थोडं थांबू, कारण सगळी मेख या 'काहीच नाही'मध्ये आहे. एखादा आकडा गंजून अडला असता, तर एक पाय वर राहिला असता आणि दोन खाली आले असते. एखादं दार अडकलं असतं, तरी बाकीची उघडली असती. पण तिन्ही पाय आणि सगळी दारं एकाच वेळी गप्प, याचा अर्थ बिघाड आकड्यांत नाही. तो त्या सगळ्यांच्या मागे, एका सामाईक ठिकाणी आहे. मोटर फिरतच नाही. आणि मोटर फिरत नाही, याचं पहिलं संशयित कारण म्हणजे वीज.

मी हे शांत खोलीत बसून सांगतो आहे. कॉकपिटमध्ये तेव्हा इंधन संपत चाललं होतं, जमिनीवरच्या तंत्रज्ञांशी बोलणं चालू होतं, आणि हवाई दलाची दोन एफ-16 विमानं शेजारी येऊन पोटाखाली पाहत होती. चाकं आतच आहेत, असंच त्यांनाही दिसलं. ब्रेकर तपासायचा विचार झाला नाही असं नाही. पण जो ब्रेकर उघडा होता तो नजरेत आला नाही.

त्याचं नाव सी-829. बॅटरीची वीज पुढे वाटणाऱ्या वाहिनीवरचा सर्किट ब्रेकर. आपल्या घरच्या फ्यूजबोर्डातल्या खटक्याचाच भाऊबंद, फक्त आकार गोल बटणाचा. बंद असला की आत दाबलेला, उघडला की काही मिलिमीटर बाहेर येतो, इतकंच. तो होता सहवैमानिकाच्या आसनामागे, उजवीकडच्या फलकावर, जमिनीलगत. पाय, बॅग किंवा साफसफाई करणाऱ्याचा हात सहज लागेल अशी जागा, आणि आसनावर बसून तिकडे नजर जाणं कठीण. त्याभोवती धक्क्यापासून वाचवणारं कडंही नव्हतं.

आणि तो उघडा आहे हे आधी कळणार तरी कसं? रोजच्या उड्डाणात चाकं तेलावर उतरतात. पर्यायी मोटर कुणी फिरवत नाही. ती मेलेली असली तरी शंभर विमानं नीट उतरतील. तिची गरज पडते फक्त त्या एका दिवशी, ज्या दिवशी नळी फुटलेली असते.

[दृश्य: फेस पसरलेली धावपट्टी]

तासाभराहून जास्त घिरट्या घालून, इंधन कमी करून, विमान धावपट्टीकडे वळलं. फेस पसरलेला होता. व्रोनांनी विमान समतल ठेवून पोटावर टेकवलं. दोन्ही इंजिनांची आवरणं आणि धडाचा तळ जमिनीला लागला, ठिणग्या उडाल्या, धूर निघाला, विमान सरळ रेषेत घसरत थांबलं. 231 पैकी एकालाही इजा झाली नाही.

नंतर ते विमान धावपट्टीवरून हलवायचं होतं. चाकांशिवाय ते शक्य नव्हतं, म्हणून आधी ते यंत्रांनी वर उचललं गेलं. मग तंत्रज्ञ कॉकपिटमध्ये गेले. सी-829 बाहेर आलेला दिसला. तो बोटानं आत दाबला आणि पर्यायी बटण चालवलं. मोटर फिरली, आकडे सुटले, आणि तिन्ही पाय खाली येऊन जागेवर बसले.